साधा मजकूर किती साधा?

उतारा चिकटवताना मूळची अक्षरशैली नको असेल, तर ती गाळून चिकटवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आजच्या वर्ड व गूगल डॉक्समध्ये त्यासाठी Ctrl+Shift+V चालते; लिबरऑफिस रायटरमध्ये Ctrl+Alt+Shift+V लागते. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेसाठी मात्र हा सल्ला आम्हाला अपुरा वाटतो.

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरीही टिपते. त्यांची तरंगलांबी अशी काढता येते:

```
(3×10⁸) ÷ (1.42×10⁹) = 0.21 मीटर
```

वर्डमध्ये टंकलेले हे घातांक बहुधा साधे 8 आणि 9 असतात, केवळ शैलीने वर चढवलेले. शैली गळताच ते ओळीत उतरतात:

```
(3×108) ÷ (1.42×109) = 2.1 मीटर
```

उत्तर सुमारे दहापट चुकले, तरी तरंगलांबी म्हणून ते सहज खपून जाईल!

दोष यंत्राचा नाही. नक्कल करताना मजकुराची शैलीसह आणि शैलीविना अशी दोन्ही रूपे साठवली जातात. घातांकाची उंची फक्त पहिल्यात असते. विंडोज १० (२०१८ नंतरची आवृत्ती) व ११ मध्ये नकलांचा इतिहास आधी सुरू केलेला असेल, तर Win+V ने मागील २५ पर्यंत नकला दिसतात. त्यांतून मूळ नक्कल शैलीसह पुन्हा घेता येते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर मात्र, पिन केलेल्या सोडून, त्या पुसल्या जातात.

म्हणून चिकटवल्यावर 10 पुढचा आकडा वर आहे की ओळीत, हे आधी पाहावे. ⁸ हे स्वतंत्र चिन्ह किंवा 10^8 असे टंकल्यास अर्थ शैलीवर अवलंबून राहत नाही.