संपलाय की आवडेनासा झालाय?

पुण्यातल्या एका पेठेत, आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात ऐकलेला हा संवाद आहे. पाच-सात मिनिटांचा असेल. मी साबुदाणा घ्यायला उभा होतो आणि साबुदाणा हातात पडल्यावरही तिथून हललो नाही. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा मनात घोळवावी तसा तो संवाद मी तेव्हापासून घोळवतो आहे.

पस्तिशीच्या एक बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "काका, इंद्रायणी चांगला की आंबेमोहोर?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला 'चांगला' हा शब्द पूर्ण रिकामा आहे. कशासाठी चांगला, कोणाच्या ताटात, कोणत्या वेळी, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय हे दोन तांदूळ परके नाहीत, त्यांचं नातं माय-लेकीचं आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तयार झाला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचं रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं होतं आणि उताराही कमी देतं. लेकीने आईचा सुवास बराचसा घेतला आणि पीक जास्त दिलं. म्हणजे हाच प्रश्न मावळातल्या शेतकऱ्याने विचारला तर उत्तर एक येईल, नैवेद्याचा वरणभात लावणाऱ्या आजींनी विचारला तर दुसरंच. मला विचारलं असतं तर क्षणाचाही विलंब न लावता मी आंबेमोहोर म्हणालो असतो. ती माझी आवड झाली असती, त्या बाईंचं उत्तर नव्हे.

काकांनी आधी विचारलं, "रोजचा हवा की सणाचा?"

त्या म्हणाल्या, "रोजचाच."

या संवादातली ही एकच जागा मला कच्ची वाटते. दोन कप्पे पुढे केले की माणूस त्यातला जवळचा कप्पा उचलतो आणि बोलणं तिथेच थांबतं. 'रोजचाच' या उत्तरातून दुकानदाराला काय कळलं? तर काहीच नाही. रोजच्या भातातही सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा, आजारपणातला मऊ भात वेगळा. काकांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी लगेच वाट बदलली.

"आत्ता घरात कुठला आहे?"

"इंद्रायणी."

"मग संपलाय की आवडेनासा झालाय?"

हे वाक्य म्हणजे या संवादाची समेची जागा आहे. काकांनी 'का बदलता?' असं विचारलं नाही. 'का' ऐकला की माणूस स्वतःचं समर्थन करू लागतो आणि शोभेलसं कारण पुढे करतो: सुवास हवा, पाहुणे यायचेत, बदल म्हणून. काकांनी मत विचारलंच नाही, घरातल्या डब्याची हकीकत विचारली. 'आवडेनासा झालाय' या शब्दांत तक्रार करायची मुभा आहे आणि दोष कोणावरच नाही, ना तांदळावर ना रांधणाऱ्या हातावर.

बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "संपला नाहीये, चारेक किलो आहे अजून. पण डब्यात त्याचा गोळा होतो. मुलगा तसाच परत आणतो."

इतका वेळ जे बोललं गेलं नव्हतं ते आता बाहेर आलं. प्रश्न सुवासाचा नव्हताच, दुपारी साडेबाराला उघडल्या जाणाऱ्या डब्याचा होता. मग आंबेमोहोराचं नाव आलं कुठून? काकांनी तेही सहज विचारून घेतलं. सासरे गावाहून राहायला आले होते आणि जेवताना दोनदा म्हणाले होते की आमच्याकडे आंबेमोहोर शिजला की वास ओसरीपर्यंत यायचा. एका वाक्यात दोन माणसं दाटीवाटीने बसली होती, नातू आणि आजोबा. त्या दोघांना एकच तांदूळ पुरा पडेल, अशी त्या बाईंची आशा होती.

यानंतर काकांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. पांढऱ्या कागदावर त्यांनी दोन्ही तांदळांची एकेक चिमूट ठेवली. आंबेमोहोर बुटका, गोलसर; इंद्रायणी त्याहून लांबट. मग म्हणाले, "समजा, आज आंबेमोहोर नेलात. घरभर वास सुटला, आजोबा खूश झाले, पण डबा तसाच परत आला. चालेल?"

"नाही, ते नाही चालणार."

'तुम्हाला महत्त्वाचं काय?' असं विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, दोन्ही. आणि ते खोटंही नव्हतं. पण एक गोष्ट मिळाली आणि दुसरी गेली असं चित्र समोर ठेवलं, की क्रम आपोआप लागतो. काय गेलेलं सोसवत नाही, हे माणसाला लगेच सांगता येतं. काय हवं ते सांगताना मात्र तो अडखळतो.

अशा वेळी दुकानदार नवा तांदूळ विकून मोकळा होऊ शकतो. काकांनी दोष खरंच तांदळाचा आहे का ते आधी तपासलं. पाणी किती घालता? वाटीला दोन वाट्या. तांदूळ नवा की जुना? दिवाळीनंतरचा, नवाच. डबा कधी भरता? कुकर उघडला की लगेच.

इथे तीन कारणं एकावर एक चढलेली होती. इंद्रायणी मुळातच चिकट. कापणीनंतर जसजसे महिने जातात तसा तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा शिजतो. हा तर नवा होता आणि त्याला पाणी जुन्याचं घातलं जात होतं. वर गरम भात झाकणाखाली कोंडला की त्याचीच वाफ पाणी होऊन दाण्यांवर बसते. काका म्हणाले, "पाणी पावणेदोन वाट्या करा आणि भात ताटात पसरून निववून मग भरा. गोळा कमी होईल. पण मोकळा दाणा हवा असेल, तर ताई, डब्यासाठी या दोन्हींपैकी एकही नको. आंबेमोहोरही चिकटच आहे. जुना कोलम न्या, एकच किलो."

दोनातला एक निवडायला आलेल्या माणसाला तिसरा सांगणं अवघड असतं. सुरुवातीलाच 'कोलम न्या' म्हटलं असतं तर बाईंना वाटलं असतं, दुकानात पडून असलेला माल हे गळ्यात मारताहेत. आता मात्र तो सल्ला त्यांच्याच उत्तरांतून आलेला होता. शिवाय एकच किलो म्हटल्यामुळे चूक झाली तरी ती छोटी राहणार होती. पाच किलोची पिशवी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला एक किलो सुचवणाऱ्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं.

मग काकांनी सगळं एकदा म्हणून दाखवलं. "म्हणजे डब्याला कोलम, घरातला इंद्रायणी रात्रीच्या वरणभाताला. आंबेमोहोर नकोच, बरोबर?"

जाणूनबुजून की सहज, ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी आजोबांना यादीतून वगळलं होतं. बाईंनी पिशवीची घडी उलगडता उलगडता थांबून मान हलवली. इतका वेळ त्या विचारलेल्याचं उत्तर देत होत्या. आता पहिल्यांदाच त्या न विचारता बोलल्या.

"नको कसा? रविवारी सगळे एकत्र जेवतो. त्या दिवशी त्यांच्यासाठी हवा. अर्धा किलो द्या."

काकांनी आंबेमोहोराच्या पोत्यात माप घातलं.