अवतरण आणि तीन टिंबे

‘ख्रिस्तपुराणा’वर लिहिताना फादर थॉमस स्टीफन्स यांची मराठीची स्तुती उद्धृत करण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो. पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरूतील त्या ओव्या सुंदर आहेत. मात्र त्यांच्याच आधारे ‘स्टीफन्स शुद्ध मराठीचे कवी होते’ असा निष्कर्ष काढला, तर अवतरण लेखकालाच दगा देते.

कारण ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स दोन गोष्टी सांगतात. देवविषयक निरूपणास मराठी योग्य वाटल्याने ग्रंथ मराठीत लिहिला, ही पहिली. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळले, ही दुसरी. एखाद्या समीक्षकाने पहिले विधान देऊन पुढे तीन टिंबे घातली, तर अक्षर एकही खोटे नसते, पण अर्थ उलटतो. टिंबांनी पाल्हाळ गाळावा. ‘पण’, ‘म्हणून’, ‘परंतु’ यांनी सुरू होणारा भाग गाळण्यापूर्वी थांबावे. कसोटी सोपी आहे: गाळलेले शब्द परत घालून पाहावे. तरीही आपले विधान टिकले, तर टिंबे प्रामाणिक.

आता लांबीचा प्रश्न. एखाद्या शब्दावरच भर असेल, तर तो शब्द अवतरणचिन्हांत घेऊन आपल्या वाक्यात बसवावा; वाक्याचे व्याकरण मात्र आपले राहावे. त्यासाठी मूळ शब्दाचे रूप बदलावे लागले, तर बदल चौकोनी कंसात दाखवावा. उपमांची माळ कशी चढत जाते हे दाखवायचे असेल, तर संपूर्ण ओव्या वेगळ्या परिच्छेदात, समास सोडून द्याव्यात. ओवीच्या ओळी मोडू नयेत. समासच उतारा दाखवत असल्याने तेथे अवतरणचिन्हे नकोत. असा उतारा देऊन लगेच दुसऱ्या मुद्द्याकडे वळणे हा नेहमीचा दोष आहे. उताऱ्याआधी वाचकाने काय पाहावे ते सांगावे, आणि नंतर त्यातील एखाद्या शब्दावर बोट ठेवून आपले म्हणणे सिद्ध करावे. स्तुतीच्या ओव्यांनंतर प्रस्तावनेतील कबुली मांडली, की खरा प्रश्न उभा राहतो: इतक्या प्रिय भाषेची शुद्धता कवीने वाचकासाठी का सोडली?

आवृत्तीचा उल्लेखही हवाच. 1616 साली रायतूर येथे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ साल्ढाणा यांची 1907 ची मंगळूर आवृत्ती रोमन लिपीत, तर शांताराम बंडेलू यांची 1956 ची देवनागरीत आहे. देवनागरीतील ऱ्हस्व-दीर्घ संपादकाने ठरवलेले असतात. त्यामुळे उच्चारावर वा शुद्धलेखनावर आधारलेला युक्तिवाद करताना आपण स्टीफन्सना उद्धृत करतो की त्यांच्या संपादकाला, हे आधी तपासलेले बरे.