दोन वजा तीन

खाणीच्या तळाशी माणसाचं वजन कमी भरतं की डोंगराच्या माथ्यावर? भौतिकशास्त्राच्या परीक्षेतला हा जुना, हुकमी प्रश्न. उत्तरही पाठ असतं: दोन्हीकडे कमी भरतं, पण डोंगरावर घट दुप्पट. h उंचीवर g(1 − 2h/R), d खोलीवर g(1 − d/R). एकात दोन आहे, दुसऱ्यात नाही. तेवढ्यावर गुण मिळतात आणि पान उलटलं जातं. माझ्या मते वाचण्यासारखी जागा नेमकी तिथे आहे, जिथे दुसऱ्या सूत्रात दोनचा आकडा दिसत नाही. तो गेलेला नाही, झाकला गेला आहे.

खाणीत उतरताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, आपण पृथ्वीच्या केंद्राजवळ जातो. अंतर कमी झालं की ओढ वाढते, आणि अंतराचा वर्ग असल्यामुळे ती 2d/R या प्रमाणात वाढते. डोंगरावर जे गमावलं, तेच इथे कमावलं. दुसरी गोष्ट, डोक्यावर d जाडीचं एक कवच राहतं. न्यूटनने दाखवून दिलं होतं की पोकळ गोलाच्या आत त्याच्या कवचाची ओढ सर्व बाजूंनी मिळून शून्य होते. म्हणजे हे कवच हिशेबातून बाद. पूर्ण गोलाच्या मानाने त्याचं घनफळ 3d/R इतकं, म्हणून कवच आणि गोल एकाच घनतेचे असतील तर घटही 3d/R इतकीच. दोन मिळवले, तीन गमावले. हाती उरला वजा एक. पुस्तकातला d/R हा असा वजाबाकीतून आलेला आहे.

आता त्या ‘एकाच घनतेचे’ या शब्दांपाशी थांबू. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे. खाण मात्र वरच्या कवचात खणली जाते आणि तिथला खडक पाण्याच्या अडीच-पावणेतीन पटच भरतो. म्हणजे गमावलेलं वजन तीन नाही. तीन गुणिले जेमतेम निम्मं, म्हणजे दीडच्या आसपास. दोन वजा दीड. चिन्हच उलटतं! खाणीच्या तळाशी वजन कमी भरत नाही, जास्त भरतं. खडकाची घनता पृथ्वीच्या सरासरीच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.७, होईपर्यंत हे असंच चालायचं, आणि सर्वसाधारण खाणीतला खडक तिथवर पोहोचत नाही.

मला या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो तो याच उलटलेल्या चिन्हाला पकडण्याचा. जॉर्ज एअरी यांनी तरुणपणी, १८२६ आणि १८२८ साली, कॉर्नवॉलमधल्या डॉल्कोथ खाणीत तो करून पाहिला होता. पहिल्या वेळी वर खेचल्या जाणाऱ्या उपकरणांच्या पेटाऱ्याने पेट घेतला आणि तो खाणीत कोसळला. दुसऱ्या वेळी खाणीत दरड कोसळून पाणी चढलं. मग जवळजवळ सव्वीस वर्षं गेली. एअरी तोवर इंग्लंडचे राज-खगोलशास्त्रज्ञ झाले होते. १८५४च्या शरदात त्यांनी साउथ शील्ड्सजवळची हार्टन ही कोळशाची खाण निवडली. खोली १,२५६ फूट, म्हणजे सुमारे ३८३ मीटर.

वजन मोजायला तराजू इथे निरुपयोगी, कारण वजनमापांची ओढही तितकीच बदलते. एअरींनी लंबक घेतला. ओढ वाढली की लंबक घाईने झुलतो, आणि ही घाई दिवसभर साठत जाते. एक लंबक वर, एक खाली. दोन्हींसमोर एकेक घड्याळ. वरचं आणि खालचं घड्याळ जुळवायचं कसं? इथे तारायंत्राचा शोध कामी आला. विजेचा एकच ठोका दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी उमटवता येत होता. डॉल्कोथच्या वेळी ही सोय नव्हती. मग लंबकांची अदलाबदल केली: वरचा खाली, खालचा वर. एखादा लंबक मुळातच चपळ असला तर त्याची चपळाई दोन्ही जागी सारखी मोजली जाऊन वजा होते. ही अदलाबदल म्हणजे या प्रयोगातली सगळ्यात शहाणी चाल.

निकाल असा: खालचा लंबक दिवसाला सुमारे सव्वादोन सेकंद पुढे गेला. पुस्तकातलं d/R खरं असतं तर तो दिवसाला २.६ सेकंद मागे पडायला हवा होता. एअरींनी काढलेली वाढ होती मूळ ओढीच्या १९,२८६व्या भागाइतकी.

पण रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. वजन वाढतं हे दाखवणं एअरींचं ध्येय नव्हतंच. ते त्यांना अपेक्षितच होतं. त्यांना पृथ्वीची सरासरी घनता हवी होती. खाणीतल्या खडकाची घनता त्यांनी २.५ धरली आणि पृथ्वीची घनता काढली ६.५६६. खरा आकडा ५.५१. एवढ्या काटेकोर प्रयोगाची चूक एवढी मोठी कशी? आजची घनता धरून तोच हिशेब उलटा केला, तर लंबकाने दिवसाला १.६६ सेकंद पुढे जायला हवं होतं, तो गेला २.२४. फरक अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो नगण्य, पण इथे मोजायची वस्तू स्वतःच एवढीशी आहे. शिवाय सूत्र धरून चालतं की कवच सगळीकडे सारख्या घनतेचं आहे. आजूबाजूला, खाली, थोड्या अंतरावर खडक हलका किंवा जड असला की लंबकाला ते कळतं, सूत्राला कळत नाही. पुढे स्टेर्नेक यांनी बोहेमियातल्या प्रिब्राम आणि सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाणींत हाच डाव मांडला, तेव्हाही घनतेची उत्तरं जागेनुसार हलत राहिली.

आता डोंगराकडे. ‘दुप्पट घट’ हे वाक्यही पुरतं खरं नाही, कारण 2h/R हे सूत्र फुग्यात बसलेल्या माणसाचं आहे. डोंगरावर उभ्या माणसाच्या पायाखाली डोंगर असतो आणि तो त्याला खाली ओढतो. हे प्रथम नोंदलं प्येर बुगे यांनी, एअरींच्या शंभर वर्षं आधी, अँडीजमध्ये. क्विटो शहर समुद्रसपाटीपासून पावणेतीन हजार मीटरहून उंच. नुसत्या उंचीमुळे तिथली ओढ १,११८व्या भागाने घटायला हवी होती, घट भरली १,३३१व्या भागाइतकीच. उरलेली ओढ पायाखालच्या पठाराची. पठार सपाट आणि विस्तीर्ण धरलं तर त्याची भरपाई दोनमधून दीड गुणिले घनतेचं प्रमाण इतकी वजा होते. खाणीत तीन होते, इथे त्याचे निम्मे. कारण साधं: खाणीत कवचाचा जवळचा थर पायाखालून निघतो आणि डोक्यावर चढून उलटं ओढू लागतो, म्हणून परिणाम दुहेरी; ही उलटी ओढ कवचाचा बाकीचा भाग तोलून धरतो. शिखर निमुळतं असेल तर भरपाई आणखी कमी.

साठ किलोच्या माणसाला घेऊन पाहू. एक किलोमीटर उंची, एक किलोमीटर खोली, खडकाची घनता २.६७. स्प्रिंगचा काटा पुस्तकाप्रमाणे डोंगरावर सुमारे १९ ग्रॅम आणि खाणीत ९ ग्रॅम कमी दाखवेल. प्रत्यक्षात विस्तीर्ण पठारावर तो सुमारे १२ ग्रॅम कमी दाखवतो आणि खाणीत ५ ग्रॅम जास्त.

मग पुस्तकातली रेघ, केंद्राकडे सरळ उतरत जाणारी, कुठे खरी ठरते? भूकंपलहरींवरून बांधलेल्या पृथ्वीच्या प्रतिमानात ती वरपासून तशी दिसतच नाही. प्रावरणातून खाली जाताना ओढ फारशी हलत नाही, साधारण दहाच्या आसपास रेंगाळते, आणि २,८९० किलोमीटर खोलीवर, लोखंडी गाभ्याच्या काठाशी, १०.७ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत चढते. घट सुरू होते ती त्यानंतर, केंद्राशी शून्य होईपर्यंत.

एअरींचं समीकरण आज उलट्या दिशेने वाचलं जातं. पृथ्वीची घनता आता माहीत आहे. विंधन-विहिरीत गुरुत्वमापक सोडून दोन वेगवेगळ्या खोलींवरच्या ओढीतला फरक मोजतात आणि त्यावरून त्यांच्यामधल्या खडकाची घनता काढतात. हार्टनमध्ये जो खडक २.५ म्हणून गृहीत धरला होता, तोच इथे उत्तर असतो.