नाव झाकून वाचा : एका मसाल्याच्या पाकिटाचं परीक्षण

मंडळी, परीक्षण आपण पुस्तकांचं करतो. आज मी तीन वाक्यांचा मजकूर घेतोय. भोईवाड्यातल्या एक ताई घरून मालवणी मसाला विकतात, त्यांच्या पाकिटावरचा. त्यांच्या परवानगीनेच वाचतो.

‘मुंबईतला सर्वोत्तम, शंभर टक्के नैसर्गिक मालवणी मसाला. रोगप्रतिकारशक्ती वाढवतो. एकदा खाल तर बोटं चाटत राहाल!’

आता गंमत बघा. यातलं सगळ्यात अतिशयोक्त वाक्य शेवटचं, आणि तेच सगळ्यात निरुपद्रवी आहे. ते शब्दशः कोणी घेत नाही. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे १९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘आस्की’ची आचारसंहितासुद्धा अशी उघड, गमतीची अतिशयोक्ती चालवून घेते. अडचण आहे ती गंभीर चेहऱ्याने केलेल्या दाव्यांची.

‘रोगप्रतिकारशक्ती’ला शास्त्रीय पुरावा लागतो. ताईंकडे तो नाही, ते वाक्य गेलं. ‘नैसर्गिक’ हा शब्द अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनी बांधलेला आहे. तो काहीही न मिसळलेल्या एकाच पदार्थाला लावायचा. मसाला तर मिश्रणच! फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेला’ म्हणता येईल, तेही प्रत्येक घटक त्या कसोटीला उतरला तर. आणि ‘सर्वोत्तम’? लालबागच्या मसाला गल्लीत उभं राहून हा शब्द उच्चारून बघा. कोणत्या दुकानदाराला तो नको असेल?

माझी कसोटी साधी आहे. पाकिटावरचं नाव झाकायचं आणि मजकूर वाचायचा. तो शेजारच्या पाकिटालाही चालत असेल, तर तुम्ही अजून काही सांगितलेलंच नाही.

मी ताईंना विचारलं, तुम्ही करता काय? त्या म्हणाल्या, ‘एक किलो मिरचीत सातशे ग्रॅम ब्याडगी, तीनशे संकेश्वरी. रंग ब्याडगीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते. खसखस चटकन करपते ना! कुटायला लालबागच्या डंकावर नेते.’ अहो, हेच लिहा की! आम्ही मजकूर असा केला :

‘सात भाग ब्याडगी, तीन भाग संकेश्वरी. त्यामुळे रश्श्याला लाल रंग आणि चांगलाच तिखटपणा. प्रत्येक जिन्नस घरी वेगळा भाजून डंकावर कुटलेला. लहान मुलांसाठी नेहमीच्या निम्मा घाला. उजेडात रंग उतरतो, डबा बंद कपाटात ठेवा.’

ताईंना धास्ती होती, ‘तिखट आहे, रंग उतरतो, असं आपणच सांगायचं?’ हो, सांगायचं. कमी तिखट खाणारा आधीच सावध होतो, तक्रार टळते. झणझणीत हवं असणाऱ्याला तर तीच शिफारस वाटते. आणि उणीव सांगणाऱ्याने लिहिलेल्या बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो.

एक पथ्य मात्र आहे. मिरची महागली म्हणून प्रमाण बदललं, तर त्याच दिवशी पाकिटावरची ओळही बदलायची. नाहीतर हा नेमका मजकूरच उद्या खोटा ठरेल, आणि ‘सर्वोत्तम’पेक्षा जास्त खोटा, कारण गिऱ्हाइकाने तो खरा मानलेला असेल.