मेहताजींची डायरी आणि ऑटोची वही

'द एक्स्टेंडेड माइंड' हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याची तळटीप सगळ्यात जास्त आवडली होती. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी तो १९९८ साली 'अ‍ॅनॅलिसिस' या नियतकालिकात लिहिला. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने द्यायची, तर ज्याचा या सिद्धांतावर जास्त विश्वास त्याचं नाव आधी, असं त्यांनी तळटिपेत सांगून टाकलंय. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला इतका प्रामाणिकपणा कोणी दाखवत नाही.

निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं, की मन कवटीच्या आत संपत नाही. वही, पेन्सिल, फोन या वस्तू विचाराला 'मदत' करतात असं आपण म्हणतो. पण काही वेळा त्या विचाराचाच भाग असतात, जसा मेंदूचा एखादा कोपरा असतो तशा. यासाठी ते टेट्रिसचं उदाहरण देतात. वरून पडणारा तुकडा मनातल्या मनात फिरवून बघायला साधारण एक सेकंद लागतो. बटण दाबून पडद्यावर फिरवायला, बटण निवडण्याचा वेळ धरूनही, साधारण ०.३ सेकंद. म्हणून खेळणारे तुकडा आधी फिरवतात आणि मग ठरवतात. म्हणजे ठरवण्याचं काम बोटांनीच चालू असतं.

निबंधाचा खरा नायक मात्र ऑटो. (भिवंडीत हे नाव वाचून आधी रिक्षाच डोळ्यांसमोर येते, त्याला इलाज नाही.) ऑटोला अल्झायमर आहे. नवीन काही कळलं की तो वहीत लिहितो. इंगा नावाच्या बाईला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जायचंय. ती आठवते, की ते ५३व्या स्ट्रीटवर आहे, आणि निघते. ऑटोही वही उघडतो, पत्ता बघतो आणि निघतो. आठवण्याआधीही इंगाला पत्ता 'माहीत होता' असं आपण म्हणतो. मग वही उघडण्याआधी ऑटोलाही माहीत होता असं का म्हणू नये? लेखक म्हणतात, म्हणायलाच हवं. त्यासाठी चार अटी ते सांगतात. वही कायम जवळ असावी. तिच्यातली गोष्ट चटकन मिळावी. मिळाली की तिच्यावर आपोआप विश्वास बसावा. आणि चौथी, ती गोष्ट आपण पूर्वी कधीतरी स्वतः जाणीवपूर्वक मान्य केलेली असावी. या चौथ्या अटीबद्दल मात्र ते लगेच कच खातात. ती खरंच लागते का, याबद्दल वाद होऊ शकतो, असं स्वतःच म्हणतात.

माझं भांडण त्या कच खाण्याशी आहे. पण त्याआधी ऑटोच्या बाजूने बोलतो, कारण मी एक ऑटो लहानपणापासून पाहिलाय.

माझ्या काकांचा भिवंडीत पॉवरलूमचा कारखाना आहे. २४ माग. तिथले मेहताजी, म्हणजे हिशेब बघणारे, शर्टाच्या खिशात एक डायरी ठेवायचे. पार्टी सूत देते, आपण कापड विणून देतो, आणि मजुरी मिळते पिकावर. एका इंचात आडवे धागे किती त्याला पिक म्हणतात. ५२ पिकाचं कापड आणि पिकाला १० पैसे दर असेल तर मीटरला ५ रुपये २० पैसे. एवढं तोंडी होतं. अडचण सुताच्या हिशेबात असते. एका बीमवरच्या ताण्याला सूत किती लागलं? तारांची संख्या गुणिले लांबी, भागिले काउंट गुणिले १६९३. सुताचा काउंट १ असेल तर एक किलोत साधारण १६९३ मीटर धागा येतो, काउंट ३० असेल तर त्याच्या ३० पट. म्हणजे २८०० तारा, १००० मीटर लांबी आणि ३० काउंट असेल तर सुमारे ५५ किलो. खळीचं वजन वेगळं.

मेहताजी हा भागाकार कधीच करायचे नाहीत. डायरीच्या शेवटच्या पानावर त्यांनी कधीकाळी काउंटनुसार एकेक आकडा काढून ठेवला होता. १०० तारा, १००० मीटर, ३० काउंट: १.९७. तारा २८०० असल्या की २८ ला १.९७ ने गुणायचं. ते पान उघडतानाच ओठ हलायला लागायचे आणि बोट त्या ओळीवर पोचेपर्यंत अर्धा गुणाकार झालेला असायचा. इथे विचार कुठे झाला? भागाकार वीस वर्षांपूर्वी कागदावर, गुणाकार आत्ता डोक्यात, आणि दोन्ही मिळून एकच हिशेब. हिशेबाचा एक तुकडा डोक्याबाहेर आहे म्हणून तो मेहताजींचा नाही, असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही.

या सिद्धांतावरचा नेहमीचा आक्षेप फ्रेड अ‍ॅडम्स आणि केन आयझावा यांचा आहे. ते म्हणतात, एखादी गोष्ट मनाला जोडलेली आहे म्हणजे ती मनाचा भाग झाली असं होत नाही. बरोबरच आहे. सूत मागाला जोडलेलं असतं, मागातून जातं, पण सूत म्हणजे माग नव्हे. फणी मात्र मागाचाच भाग. मग डायरी सूत की फणी?

याचं उत्तर मला डायरीच्या लिपीत मिळालं. त्या डायरीतलं एकही पान मला वाचता यायचं नाही. '४४ ला ३ ब' म्हणजे काय हे विचारलं तर मेहताजी पाच मिनिटं गोष्ट सांगायचे, कोणती पार्टी, कोणता रंग, कोणत्या मागावर तार तुटते. गोष्ट कागदावर नव्हती. पण कागद बाजूला ठेवला तर ती त्यांनाही सांगता यायची नाही, हे मी करून पाहिलंय. जुन्या कीर्तनकारांची बाडं अशीच असायची. नामदेवांच्या परंपरेवर लिहिताना ख्रिश्चन नोवेट्स्की यांनी या बाडांकडे लक्ष वेधलंय. ती छापायचं पुस्तक म्हणून लिहिलेली नसून कीर्तन उभं करण्याची टिपणं होती. बाड आणि बुवा समोरासमोर आले की कीर्तन होतं. नुसतं बाड संग्रहालयात ठेवलं तर उरतो कागद. कोणालाही वाचता येईल असा नुसता साठा असता तर असं झालं नसतं. म्हणून डायरी ही फणी आहे, असं माझं मत.

आता फोन. चाल्मर्सनी २००८ साली क्लार्कच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तिच्यात आपल्या आयफोनने मेंदूची काही कामं घेतली आहेत असं म्हणून सिद्धांत थेट खिशात आणून ठेवला. कायम जवळ? हो. चटकन मिळतं? डायरीपेक्षा चटकन. विश्वास? डोळे झाकून. तीन अटींत फोन पहिल्या वर्गात पास.

मीही तेच समजलो होतो. इंजिनिअरिंग झाल्यावर मी मेहताजींना फोनवर शीट बनवून दिली. तारा आणि लांबी टाका, वजन तयार. काउंट वरच्या एकाच खान्यात ठेवला होता:

```
=A5*B5/($C$1*1693)
```

काकांच्या दुसऱ्या शेडमध्येही एक मेहताजी आहेत. तीच शीट मी त्यांनाही शेअर केली. त्यांच्याकडे ४० काउंटचं काम आलं. एका रात्री त्यांनी `C1` मध्ये ३० चे ४० केले, आपला हिशेब काढला आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी पार्टी सूत मोजायला आली. मेहताजींनी फोन काढला. २८०० तारा, १००० मीटर: ४१ किलो. सायझिंगला पाठवलेलं सूत ५५. म्हणजे १४ किलो गायब. टेम्पोवरून सूत नेणारा मुलगा समोरच उभा होता. बीम तोवर मागावर चढलेलं, त्यामुळे ते तोलून बघायची सोय नव्हती. मुलाला पार्टीसमोर बोलणी बसली आणि त्याचा दोन दिवसांचा पगार अडकला. ३० च्या बीमला ४१ हे मेहताजींना खटकायला हवं होतं, पण पडदा खाली सरकवलेला होता. `C1` वर राहून गेला होता आणि समोर फक्त उत्तर होतं.

आता ऑटोचा नियम इथे लावा. वहीतली गोष्ट हीच त्याची समजूत असेल, तर फोन उघडण्याआधीच, दोन दिवस, मेहताजींची 'समजूत' होती की त्या बीमला ४१ किलो लागतं. चहा पिताना, घरी झोपलेले असतानाही. आणि ती समजूत दुसऱ्या शेडमधल्या माणसाने, यांना न कळता, एक खाना बदलून त्यांच्या मनात घातली होती. हे मला पटत नाही. मनाच्या व्याख्येत एवढी उघडी खिडकी बसत नाही.

क्लार्कच्या बाजूने यावर एक चांगलं उत्तर देता येतं. मेंदूतली आठवण तरी कुठे सुरक्षित असते? एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांत नुसत्या सूचक प्रश्नांनी लोकांच्या आठवणी बदलल्या. म्हणजे डोक्यातही बाहेरचे लोक हात घालतातच. खरंय. पण तिथे प्रश्न माझ्या कानावर पडावा लागतो. मी फसलो तरी फसताना मी हजर असतो. `C1` बदलला तेव्हा मेहताजी हजरच नव्हते.

म्हणून चौथी अट सोडून चालणार नाही. निबंध १९९८चा आहे. तेव्हा वहीत ऑटोशिवाय कोणी लिहीत नव्हतं, त्यामुळे ती अट फुकटात पूर्ण व्हायची आणि तिची गरज दिसायची नाही. डायरीवरचा विश्वास आंधळा नव्हता. अक्षर स्वतःचं असायचं, खाडाखोड दिसायची, दुसऱ्याने आकडा गिरवला तर शाई वेगळी दिसायची. शीटमधला आकडा ४१ असो की ५५, सारख्याच अक्षरात येतो. बदलांचा इतिहास शीटमध्ये असतो, पण तो बघायला आधी शंका यावी लागते, आणि तिसरी अट तर शंका न येण्याचीच आहे. फोनमधल्या तुमच्या नोट्स, तुम्हीच टाइप केलेल्या, कदाचित तुमच्या मनात मोडतील. शेअर केलेली शीट, आपोआप अपडेट होणारा कॉन्टॅक्ट, ग्रुपमधली फाइल या गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्या चार माणसांनी वापरायचं कपाट आहेत.

चूक मला संध्याकाळी सापडली. काउंटचा खाना प्रत्येक ओळीत वेगळा केला आणि दुसऱ्या शेडची शीट तोडून दिली. मुलाचे पैसे त्या शनिवारी मिळाले. पार्टीसमोर झालेल्या बोलण्यांचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मेहताजी फोन अजून वापरतात. शीटमध्ये आलेला आकडा आधी डायरीत उतरवतात, शेजारी शेवटच्या पानावरून गुणाकार करतात, आणि पार्टीला आकडा सांगताना डायरी बघूनच सांगतात. हे दुप्पट काम आहे, असं मी एकदा म्हणालो.

"तुझं ते सगळ्यांचं आहे रे," ते म्हणाले, "हे माझं आहे." आणि डायरी खिशात टाकून ते बीम उतरवून घ्यायला गेले.