‘तुम्ही’ नसलेले वाक्य

भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरच्या एकाच जिन्यावर दोन निरनिराळे दिवस चाललेले असतात. एका दारामागे ऋषिपंचमीची भाजी शिजत असते आणि गणपतीपुढे आरतीची तयारी असते. समोरच्या दारामागे चूल पेटलेली नसते. त्या घरात संवत्सरी असते, म्हणजे स्थानकवासी जैनांच्या पर्युषणाचा आठवा आणि शेवटचा दिवस. कुणाचा एका दिवसाचा उपवास असतो, कुणाची आठ दिवसांची अठ्ठाई पुरी होत आलेली असते. दिवे लागले की प्रतिक्रमण होते आणि ते संपले की समोरच्या घरातून मेसेज येतो : मिच्छामि दुक्कडं.

नगर जिल्ह्याला हे शब्द परके नाहीत. आचार्य आनंदऋषीजींचा जन्म 1900 साली पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा. तेराव्या वर्षी त्यांनी मिरीला दीक्षा घेतली, पुढे ते श्रमण संघाचे आचार्य झाले आणि 1992 साली नगरमध्येच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे हॉस्पिटल सगळ्या जातीधर्मांच्या लोकांना ठाऊक आहे. कापड बाजारात ज्यांची दुकाने आहेत त्यांच्या घरी संवत्सरी असते, हेही सगळ्यांना ठाऊक असते. तरी या दोन शब्दांना उत्तर काय द्यायचे इथे बरेच जण अडखळतात. कुणी ‘तुम्हालाही शुभेच्छा’ लिहून मोकळा होतो, कुणी हात जोडल्याचे चिन्ह पाठवतो. म्हणून हे वाक्य एकदा नीट वाचून पाहू.

भाषा प्राकृत आहे. संस्कृतात ते ‘मिथ्या मे दुष्कृतम्’ असे होते. माझे दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ होवो, एवढाच त्याचा अर्थ. ‘मिच्छामि’च्या शेवटच्या ‘मि’मुळे पुष्कळांना ते ‘मी मागतो’, ‘मी इच्छितो’ अशा धर्तीचे क्रियापद वाटते. पण तो ‘मि’ म्हणजे ‘मे’, माझे. वाक्यात क्षमा हा शब्दच नाही. मागणे नाही. आणि ज्याला आपण ते म्हणतो तो माणूसही वाक्यात कुठे नाही. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो आणि समोरच्याला गोड बोलायला सांगतो. इथे समोरच्याने काय करावे याचा उल्लेखसुद्धा नाही. आहे ते फक्त माझे, आणि तेही माझे वाईट कृत्य. मला या वाक्याचे सगळे सौंदर्य या गाळलेल्या ‘तुम्ही’त दिसते. ज्याला हे म्हटले त्याच्यावर क्षमा करण्याची सक्ती उरत नाही. त्याचा राग अजून गेला नसेल तर तो त्याच्यापाशी राहू शकतो, आणि माझ्या कृत्याची जबाबदारी मात्र पुरती माझ्याकडे येते.

कल्पसूत्रातल्या साधूंच्या आचारनियमांतही हीच दिशा आहे. भांडण झाले तर धाकट्याने थोरल्याची आणि थोरल्यानेही धाकट्याची क्षमा मागावी, असे तिथे सांगितले आहे. जो शांत होतो त्याची आराधना होते, जो होत नाही त्याची होत नाही. म्हणून समोरचा काय करतो हे न पाहता आपण आपल्यापुरते शांत व्हावे. नगरच्या घरांतून सासू सुनेला आणि आजोबा नातवाला हात जोडून हे शब्द म्हणतात, त्यामागे हा नियम आहे.

हे वाक्य मुळात शुभेच्छेचे नव्हेच. त्याचे घर प्रतिक्रमणात आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, आपण मर्यादा ओलांडून जिथवर गेलो तिथून परत येणे. त्यातले एक छोटे सूत्र चालण्यावर आहे. जाता येता माझ्या पायाखाली काय काय आले याची त्यात यादी आहे : बी, हिरवे गवत, दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, चिखल, कोळ्याची जाळी. भाद्रपदात नगरच्या कुठल्याही परसात खाली पाहिले तर ही यादी जशीच्या तशी सापडते. मग त्या जीवांना मी काय काय केले ते येते. लाथाडले, धुळीने झाकले, घासले, एकमेकांवर आदळले, दमवले, घाबरवले, एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकले, जिवे मारले. या सगळ्यानंतर ‘तस्स’ म्हणजे ‘त्याचे’ आणि मग मिच्छामि दुक्कडं. हा ‘त्याचे’ फार महत्त्वाचा. आधी कृत्यांची नावे घ्यायची आणि मग त्या कृत्यांचे दुष्कृत मिथ्या होवो म्हणायचे. नुसते घाबरवणे आणि जागेवरून हलवणेसुद्धा जिथे मोजले जाते, तिथे ‘काही चुकलं असेल तर’ एवढ्यावर भागत नाही.

आवश्यकनिर्युक्ती या जुन्या प्राकृत ग्रंथात या शब्दांची अक्षरे सुटी करून अर्थ लावला आहे. तो व्याकरणाचा नव्हे, म्हणणाऱ्याच्या मनाचा अर्थ आहे. पहिला ‘मि’ मृदुतेचा. ‘च्छा’ दोष झाकण्याचा, म्हणजे त्यांना पुन्हा वाट न देण्याचा. दुसरा ‘मि’ मर्यादेत उभे राहण्याचा. ‘दु’ स्वतःच्या वागण्याचा तिटकारा येण्याचा. ‘क्क’मध्ये ‘हे पाप मी केले’ अशी कबुली, आणि ‘डं’मध्ये ते शांतपणे ओलांडून जाणे. क्रम पाहा. कबुली पाचवी येते. मऊपणा पहिला. ताठ मानेने दिलेली कबुली या वाचनात बसत नाही.

या वाक्याचा खोटा सूर कसा ओळखावा, याची गोष्टही परंपरेनेच सांगून ठेवली आहे. साधू एका कुंभाराच्या जागेत उतरले होते. त्यांच्यातला एक लहान शिष्य खडे मारून मडकी फोडू लागला. कुंभाराने हटकले तेव्हा तो म्हणाला, मिच्छामि दुक्कडं. कुंभाराची पाठ वळताच पुन्हा खडा, पुन्हा मडके, पुन्हा तेच शब्द. शेवटी कुंभाराने त्याचा कान धरून पिळला. पोरगे कळवळले तसा कुंभार म्हणाला, मिच्छामि दुक्कडं, आणि पुन्हा पिळला. हे कसले मिच्छामि दुक्कडं, असे शिष्याने विचारले. तुझे जसे आहे तसेच हे, असे त्याला उत्तर मिळाले. जे म्हणून पुन्हा तेच करायचे ते मिच्छामि दुक्कडं खोटे, हा निर्युक्तीचा निर्णय आहे आणि तो कडक आहे. दर संवत्सरीला एकच तयार चित्र साऱ्या यादीला एका बोटाने धाडणाऱ्यांनी, जैन असोत वा नसोत, हा कुंभार आठवावा.

आता प्रत्यक्ष मजकूर घेऊ. समजा, सावेडीतल्या एका सोसायटीत मे महिन्यात टँकरच्या पैशांवरून दोन शेजाऱ्यांचे वाजले. एकाने जिन्यात चारचौघांसमोर शेजारच्या भाभींना ‘पैशाच्या बाबतीत तुम्ही लोक असेच’ असे म्हटले. संवत्सरीला त्याला लिहायचे आहे. पहिला खर्डा साधारण असा होईल : ‘भाभी, टँकरच्या वेळी रागाच्या भरात काही बोललो असेन तर मिच्छामि दुक्कडं. तुमचाही हिशेब थोडा चुकला होता, पण जाऊ द्या.’ यात चारही बाजूंनी गळती आहे. ‘असेन तर’ खोटे आहे, कारण तो बोलला हे त्याला पक्के ठाऊक आहे. ‘काही’ने नेमके शब्द लपवले. ‘रागाच्या भरात’ने दोष रागावर ढकलला. आणि हिशेबाच्या वाक्याने, मूळ शब्दांनी जो ‘तुम्ही’ बाहेर ठेवला होता तो आरोपी म्हणून आत आणला.

त्याऐवजी असे लिहावे : ‘भाभी, मे महिन्यात टँकरच्या पैशांवरून मी जिन्यात सगळ्यांसमोर तुम्हाला आणि तुमच्या समाजाला लावून बोललो. ते मी बोलायला नको होतं. त्याचं मिच्छामि दुक्कडं. वर्षभरात याशिवाय नकळत तुमचं किंवा घरातल्या कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्याबद्दलही खमतखामणा.’ इथे ‘असेल तर’ आहे, पण फक्त नकळत झालेल्यासाठी, आणि तिथे ते रास्त आहे. ‘जाणता अजाणता, मनाने, वाणीने, कायेने’ या रूढ शब्दांतही दोन्ही बाजू वेगळ्या ठेवलेल्या आहेत. जाणता केलेल्याला ‘तर’ लावू नये. ‘खमतखामणा’ हा शब्द मुद्दाम घेतला, कारण क्षमा करणे आणि मागणे दोन्ही त्यात येते, आणि मूळ वाक्यात नसलेली समोरची व्यक्ती त्याने आदराने आत येते. हिशेब खरोखर चुकला असेल तर तो आठवड्याने कागद घेऊन बोलावा.

हे सगळे वर्षातून एकदा का, याचेही उत्तर परंपरेत आहे. राग चार प्रकारचा मानतात. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग आणि दगडाची भेग. पहिला पंधरवड्यात मावळतो, दुसरा चार महिन्यांत, तिसरा वर्षभरात, चौथा जन्मभर जात नाही. पाक्षिक, चौमासी आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांशी हे टप्पे जुळतात. शेवगाव-पाथर्डीकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाने मिटतात, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. राग एक संवत्सरी ओलांडून पुढे गेला की तो दगडाच्या भेगेत जमा होतो. म्हणून टँकरचे भांडण दिवाळीवर ढकलायचे नसते.

आपण जैन नसताना हे शब्द वापरावेत का? माझे मत स्पष्ट आहे : वापरावेत, पण अर्थासकट. ‘हॅपी संवत्सरी’ किंवा ‘मिच्छामि दुक्कडंच्या हार्दिक शुभेच्छा’ असे लिहू नये, कारण आपल्या दुष्कृताच्या शुभेच्छा कुणी देत नाही. स्थानकवासी मूर्तिपूजा करत नाहीत, तेव्हा त्यांना तीर्थंकरांच्या मूर्तीचे चित्र पाठवण्यापेक्षा चार ओळी हाताने लिहिलेल्या बऱ्या. त्यांच्याकडून शब्द आले तर ‘माफ केलं’ असे वरच्या पायरीवरून उत्तर देऊ नये. ‘आमच्याकडूनही मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे. शेजारी श्वेतांबर मूर्तिपूजक असतील तर त्यांची संवत्सरी बहुधा एक दिवस आधी, गणेश चतुर्थीलाच येते. दिगंबर असतील तर त्यांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालते आणि त्यानंतर क्षमावाणी येते. त्यांना ‘उत्तम क्षमा’ म्हणावे.

आणि शक्य असेल तर मेसेज न पाठवता समोरचे दार वाजवा. फक्त संवत्सरीच्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास जाऊ नका, घर प्रतिक्रमणाला बसलेले असते. मोदकांचे ताट किंवा ऋषिपंचमीची भाजीही त्या दिवशी नेऊ नका. त्यांचा उपवास असतो, आणि भाजीतला सुरण त्यांना एरवीही चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. नवकारशी, म्हणजे सकाळी काही न खाण्याचा नेम, सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पुरी होते, पारणे त्यानंतर होते आणि तोवर दार उघडलेले असते.