धर्म नको, असं का?

मुलाच्या पुस्तकातली संविधानाची उद्देशिका वाचून डिचोलीच्या आमच्या शेजारणीने विचारलं, "वहिनी, धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्म नको, असंच ना?" मग मी इंग्रजी आणि मराठी पाठ शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून पाहिला.

आधी 'निश्चितपणे' खटकला. इंग्रजीत त्याच्यासाठी वेगळा शब्द नाही. वाटलं, अनुवादकाने पदरचा घातला. पण तिथलं क्रियापद 'सिक्युअर' आहे. न्याय मिळवून देणं आणि तो हातचा जाऊ न देणं, दोन्ही त्यात येतं. नुसतं 'प्राप्त करून देणे' लिहिलं असतं तर अर्धा अर्थ गळला असता. तेव्हा तो शब्द हवाच.

'सेक्युलर'चा अर्थ मात्र थोडा सरकला आहे. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आलेला हा शब्द राज्याबद्दल बोलतो. आपला 'धर्म' फार मोठा, त्यात शेजारधर्म आला, दानधर्म आला. हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे, तो अधिक नेमका वाटतो.

मी तिला त्याच वाक्यात पुढे श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य दाखवलं. म्हटलं, "धर्म नको असता तर हे कशाला लिहिलं असतं? राज्याने एका पंथाची बाजू घ्यायची नाही, एवढंच."